बिनगॅसची न्याहारी

आमच्या घराचा वरचा मजला मी फक्त मुलींना भाड्याने देते. दाराच्या आतल्या बाजूला नियमांचा कागद चिकटवलेला आहे, माझ्या हस्ताक्षरात. पहिलाच नियम असा: खोलीत काहीही पेटवायचे नाही. गॅस नाही, शेगडी नाही, इंडक्शन नाही आणि बादलीत सोडायची ती कॉइल तर मुळीच नाही. हा नियम काही मी उगाच खाष्टपणा करायचा म्हणून केलेला नाही. पूर्वी एका मुलीने कॉइल चालू ठेवून मैत्रिणीशी फोनवर गप्पा मारल्या होत्या आणि माझी एक गादी, एक खिडकीचा पडदा आणि दोन दिवसांची झोप तिने जाळली होती. तेव्हापासून मी ह्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. अनुस्वार चुकला की अर्धा गुण कापायचा, असा माझा खाक्या होता. घरातही तोच. आमचे हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते, तिथून निवृत्त झाले. ते किराणाची यादी करायचे तेव्हाही मी लाल पेन घेऊन बसायचे. ह्यांनी बिचाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. शेवटी शेवटी तर यादी करायचीच सोडून दिली आणि म्हणाले, तूच लिही, मी आणतो. लिहिलंय तसं आणतो. ही गोष्ट पुढे मला चांगलीच नडली, ती येईलच.

नाशिकरोडला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक मैदान आहे. पहाटे साडेपाचला तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली पळायला येतात. वरच्या खोलीतल्या दोघीही त्यातल्याच. एक सिन्नरची, एक कळवणची. नावं होतीच त्यांना, पण आमच्या घरात सगळे त्यांना गावानेच हाक मारायचे, त्यामुळे इथेही तसंच चालू दे. सिन्नरची अंगाने भरलेली, बोलायला फटकळ, रविवारी बसने घरी जाऊन मटण खाऊन यायची आणि सोमवारी त्याचं वर्णन ऐकवायची. कळवणची अगदी उलट. उंच, काटकुळी, गळ्यात तुळशीची माळ. अंडं सुद्धा तिला चालायचं नाही. घरातच माळ होती, आजोबांपासून.

ह्या कळवणच्या पोरीची गोष्ट अशी होती की तिच्या वडिलांनी तिला एकच भरती दिली होती. आधी एकदा ती लेखीपर्यंत पोचून राहिली होती. वडील म्हणाले, अजून एकदा कर, पण ही शेवटची. नाही जमलं तर दिवाळीनंतर लग्न. स्थळ बघूनही ठेवलं होतं. पोरीने मला हे सगळं जिन्यात उभं राहून, चप्पल घालता घालता सांगितलं होतं, जणू कुणा दुसरीचीच हकिकत सांगते आहे.

डिसेंबरातल्या एका सकाळी सिन्नरची धावत खाली आली आणि दार वाजवत म्हणाली, "बाई, कळवण पडली मैदानावर. चक्कर आली. सरांनी बसवून ठेवलीय."

आम्ही दोघं गेलो. पोरगी कट्ट्यावर बसली होती, ओठ पांढरे. त्यांचे प्रशिक्षक म्हणजे लष्करातून आलेले गृहस्थ, आवाज सतत मैदानभर ऐकू जाईल असा. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही घरमालकीण ना? ही सकाळी काय खाते?"

मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "चहा. आन् बिस्किटं."

"चहा कुठला?" मी म्हणाले.

"टपरीवरचा. खोलीत काय पेटवायचं नाय ना, बाई."

तिने हे अजिबात टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण मला ते जिव्हारी लागलं. खानावळ उघडायची दहाला. पोरगी साडेपाचला मैदानावर, आठला लेखीच्या क्लासला, आणि दहापर्यंत पोटात चार बिस्किटं. प्रशिक्षक म्हणाले, "अंडी खायला सांगा हिला. रोज चार. निम्मी ताकद तर पोटातूनच येते. सकाळच्या खाण्यात वीसेक ग्रॅम प्रोटीन पाहिजे, त्याशिवाय पाय कसे भरणार?" पोरीने गळ्यातल्या माळेला हात लावला आणि खाली बघत राहिली.

घरी येताना हे म्हणाले, "अगं, एक छोटा गॅस देऊन टाक वर. एका पोरीसाठी नियम वाकला तर काय बिघडलं?"

"नियम वाकणार नाही," मी म्हणाले. "आणि पोरगी उपाशीही राहणार नाही. न पेटवता होतं की नाही ते मी बघते."

ह्यांनी नेहमीप्रमाणे "बरं" म्हटलं. ह्या "बरं"चा अर्थ एकच असतो, की आता पुढचे पंधरा दिवस घरात काय चालेल ते देवालाच माहीत.

मी लागले मागे. पहिला प्रयोग अर्थातच मोड आलेल्या मुगाचा. मराठी घरात पौष्टिक म्हटलं की आधी मूगच आठवतात. थंडीत मोड यायला दोन दिवस लागले, पण आले सुरेख. धुऊन, लिंबू पिळून, कोथिंबीर घालून वाडगाभर मूग मी तिला दिले. ती चावत बसली. चावत बसली. सिन्नरची बूट घालून, केस बांधून, दोनदा जिना उतरून चढून आली तरी हिचा वाडगा अर्धा. शेवटी ती म्हणाली, "बाई, चांगलं हाय. पन जबडाच दुखाया लागला."

मग मी नीट विचार केला. वाडगा भरलेला दिसतो, पण मोड आलेल्या मुगात पाणीच किती! भिजून फुगलेला तो दाणा. मूठभर कोरड्या मुगाचा वाडगा झालेला. म्हणजे जबडा दुखवूनही वीसच्या जवळपास काही जायचं नाही. दुकानात जाऊन मी पाकिटं उलटी करून वाचायला सुरुवात केली. चष्मा नाकावर, हातात वही. दुकानदार पोरगा हसून म्हणाला, "बाई, पेपर तपासताय का?" मी म्हटलं, "हो, आणि तुझ्या बिस्किटांना नापास करतेय."

पाकिटामागचं बारीक अक्षर वाचता वाचता मला माझं उत्तर सापडलं, आणि ते लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर होतं. डाळं. चिवड्यात घालतो ते, फुटाण्याचं साल काढून केलेलं. शुद्ध लिहायचं तर डाळे, पण दुकानात डाळे मागितले तर पोरगा तुमच्या तोंडाकडे बघत राहील. हे आधीच भाजलेलं असतं, म्हणून शिजवायची गरजच नाही. मिक्सरमधून काढलं की पीठ तयार. त्यात दुकानातून आणलेल्या भाजक्या शेंगदाण्यांचा कूट, थोडा गूळ किंवा जिरेपूड आणि मीठ. कोरडा डबा भरून ठेवायचा. सकाळी बाटलीत चार मोठे चमचे घालून वरून दूध ओतायचं, झाकण लावून हलवायचं आणि प्यायचं. दोन मिनिटं. चावायचं नाही, भांडं घासायचं नाही, काही पेटवायचं नाही.

पहिल्या दिवशी मी ते ताकात कालवलं होतं, कारण मला ताक आवडतं. वही काढून बघितली तर पातळ ताकात पाण्याशिवाय फारसं काही नाही. मग दूध. ज्या दिवशी दूध नको वाटेल त्या दिवशी ताजं दही, चमच्याने खायचं घट्ट कालवून. माझ्या हिशेबाने पन्नास ग्रॅम डाळं, मूठभर दाणे आणि पेलाभर दूध एवढ्यात प्रशिक्षकांचे वीस ग्रॅम ओलांडले जात होते. मी ती बेरीज तीनदा केली. गणितात मी कधीच हुशार नव्हते, पण ही बेरीज मी अजून विसरलेले नाही.

एक घोळ मात्र सुरुवातीला झाला. मी ते पळायच्या आधी पाजलं. पोरगी अर्ध्या फेरीत बरगडीखाली हात धरून उभी राहिली. प्रशिक्षक माझ्यावरच ओरडले, "बाई, भरल्या पोटाने कुणी पळतं का?" तेव्हापासून ठरलं. पळण्याआधी दोन खजूर आणि घोटभर पाणी. बाटलीत कोरडं पीठ घेऊन जायचं, दुधाची छोटी पिशवी कट्ट्यावर ठेवायची आणि पळणं संपलं की तिथेच कालवून प्यायचं. तिथून सरळ क्लासला.

तीन आठवड्यांत पोरीच्या चेहऱ्यावर तेज आलं. खरंच. हे मी आपल्या कौतुकाने म्हणत नाही, प्रशिक्षकही म्हणाले. गोळाफेकीत गोळा आधी मातीत तिच्या पायापाशी पडायचा, तो आता पुढे जाऊ लागला. आठशे मीटरची शेवटची फेरी ती चालत संपवायची, ती आता पळत संपवू लागली. सिन्नरची अंडी खाणारी, पण तिलाही सकाळी अंडी उकडायला जागा कुठे होती? तीही म्हणाली, "बाई, माझ्यापण बाटलीत टाका." मैदानावरच्या आणखी दोघी-तिघी विचारायला लागल्या. मी बाजारातून मोठा डबा आणला. मला एवढी मजा वाटत होती की विचारू नका. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी मी सांगेन ते रोज सकाळी ऐकत होतं.

आणि इथेच माझी फजिती झाली.

इतक्या जणींचं पीठ म्हटल्यावर मिक्सर गरम होऊन बंद पडायला लागला. मी ठरवलं, आता गिरणीतूनच आणायचं. त्या दिवशी संकष्टी होती आणि माझा उपास. सकाळची गडबड, फोन वाजतोय, चहा उतू जातोय, अशा घाईत मी ह्यांच्यासाठी चिठ्ठी लिहिली: "डाळ २ किलो, बारीक दळून आणणे." डाळं लिहिलं नाही. डाळ लिहिलं. एक टिंब राहिलं.

हे किराणाच्या दुकानात गेले. दुकानदाराला विचारलं, दळायची डाळ कुठली? तो म्हणाला, हरभऱ्याचीच की काका, बेसनाला. ह्यांनी दोन किलो घेतली, गिरणीत दिली आणि बारीक दळून आणली. एरवी मी प्रत्येक घाणा चिमूटभर तोंडात टाकून बघायचे. पण माझी चतुर्थी, आणि डाळीचं पीठ उपासाला कुठलं चालायला? न चाखताच मी दाण्याचा कूट, जिरेपूड, मीठ घालून डबा भरला. रंग जरा जास्त पिवळा वाटला. मला वाटलं, गिरणीत आधी कुणाची हळद असेल.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दोघी क्लास सोडून परत आल्या. सिन्नरची पोट धरून सरळ वर. कळवणची जिन्यातच बसली. कपाळावर घाम. पोटात नुसत्या कळा आणि पोट फुगून टम्म. मैदानावरच्या बाकीच्यांचीही तीच गत, असं फोनवर कळलं. मी डबा उघडला, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि मला सगळं कळलं. कच्चं. जीभ चिकटते, घसा कडवटतो, तो कच्च्या बेसनाचा वास. भजी तळायचं पीठ मी त्या पोरींना दुधात कालवून पाजलं होतं.

मी ह्यांच्यावर ओरडले. खूप ओरडले. ते शांतपणे आत गेले, शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "लिहिलंय तसं आणलं."

मी चिठ्ठी वाचली. मग खुर्चीत बसले. एकतीस वर्षांत मी किती पोरांचे अर्धे गुण कापले असतील, आणि आता माझ्या एका अनुस्वारावर पाच पोरी आडव्या झाल्या होत्या. शिवाय मैदानी चाचणी एका आठवड्यावर आली होती.

दुपारी ओआरएस आणि पातळ ताक घेऊन मी वर गेले. (भाताची पेजही केली होती. खाली, माझ्या गॅसवर.) कळवणचीला विचारलं, "तुला चव वेगळी लागली नाही का गं?"

"लागली," ती म्हणाली.

"मग टाकलं का नाहीस?"

"तुमी केल्यालं, बाई. म्हटलं, तसंच आसंल."

मला तिच्यावर राग आला, आणि त्याहून स्वतःवर. मी म्हटलं, "हे बघ, ह्यापुढे माझं असो, तुझ्या आईचं असो, नाहीतर तुमच्या पोलीस अधिकाऱ्याचं असो, चुकीचं लागलं तर थुंकायचं आणि बोलायचं. समजलं?" ती हो म्हणाली, पण तोंडावर तिच्या काही दिसेना.

संध्याकाळी मी मैदानावर गेले. माझ्याने राहवेना. सगळ्या पोरी आणि ते दणदणीत आवाजाचे प्रशिक्षक ह्यांच्यासमोर उभी राहून मी सांगितलं की चूक माझी आहे. गिरणीवाल्याची नाही, ह्यांची नाही, डाळ्याची तर नाहीच नाही. भाजलेलं डाळं नुसतं खाल्लं तर चालतं. कच्ची डाळ दळून तशीच प्यायची नसते, ती शिजवावी लागते. मी एका टिंबाने दोन्ही एक करून टाकलं. प्रशिक्षक आधी गंभीर होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे नेमकं कुठे टिंब द्यायचं होतं?" मी खाली वाकून मातीत बोटाने लिहून दाखवलं. पोरी हसायला लागल्या. माफी मिळाली असं मी समजले.

पण कळवणचीने त्या दिवसापासून बाटली नेली नाही. माफ केलं नाही असं नव्हतं. तिची भीती बसली होती. आठवड्यावर चाचणी, पोट बिघडलं तर सगळंच गेलं. ती परत चहा-बिस्किटावर आली. मी ताजं डाळं आणून, तिच्यासमोर मिक्सरमध्ये फिरवून, स्वतः पेलाभर पिऊन दाखवलं. ती म्हणाली, "बाई, चाचणी झाल्यावर पिते."

त्यातच तिने जिन्यात मला आणखी एक सांगितलं. चाचणीच्या दिवशी एकादशी होती.

आता माझ्या लक्षात यायला हवं होतं, संकष्टीनंतर सातव्या दिवशी एकादशी येणारच. पण मी तारखा बघत होते, तिथी नाही. एकादशी म्हणजे तिला डाळं बंद. मूग बंद. बिस्किटंही बंद. पहाटे पाचला गेटवर हजेरी, मग उंचीचं माप, कागद, रांगा, आणि आठशे मीटरला नंबर लागेपर्यंत उन्हं वर आलेली. सिन्नरची म्हणाली, "एक एकादशी सोड ना गं, देव काय भरती बंद करतोय का?" कळवणचीने मान हलवली. "माळ आजोबांची हाय. पळायचं म्हणून सोडली तर कशाला घातली?"

खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान वाटला. पोरगी मऊ आहे असं मी समजत होते, ती कुठेच मऊ नव्हती.

खाली येऊन मी वही उघडली आणि उपासाला चालणारं सगळं एका पानावर लिहिलं. ह्या वेळी एकेक अनुस्वार तपासून. दाणे चालतात. दूध, दही चालतं. राजगिऱ्याच्या लाह्या चालतात, तयार मिळतात. खजूर चालतो. साबुदाणा चालतो, पण त्याला शिजवावं लागतं आणि त्यात ताकद कसली, नुसतं पोट भरणं. मग मी एक लिटर दुधाचं दही लावलं आणि ते लागल्यावर फडक्यात बांधून चाळणीवर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळपर्यंत पाणी गळून खाली आणि फडक्यात घट्ट चक्का. दही असं बांधून ठेवलं की पाणी जातं आणि उरतं ते कामाचं. त्यात दाण्याचा कूट, लाह्या आणि बारीक चिरलेला खजूर. एवढंच. श्रीखंडाचा तो चक्का साखर न घालता.

हे मी आदल्या दिवसांत दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा मी पहिला चमचा माझ्या तोंडात घातला आणि दुसरा तिच्यासमोर ठेवला. पहिल्या दिवशी तिने वास घेतला. जिभेच्या टोकाने चाखलं. मग म्हणाली, "बाई, खजूर कमी करा. लय गोड हाय." मी तिला तोपर्यंत कधी तक्रार करताना ऐकलं नव्हतं. मी एवढी खूश झाले की खजूर निम्म्याने कमी केला आणि ह्यांना जाऊन सांगितलं, "तिने नावं ठेवली!" हे म्हणाले, "बरं."

तिने वाटी पुसून खाल्ली. दोन्ही दिवस पळून आल्यावर. पोट शांत राहिलं. मग एकादशीचा डबा माझ्या हातून न्यायला ती तयार झाली.

चाचणीच्या पहाटे हे स्कूटर काढून कळवणचीला सोडायला निघाले; सिन्नरचीची तारीख पुढची होती. मी मागून रिक्षाने. थंडी कडाक्याची होती, त्यामुळे चक्क्याची काळजी नव्हती. स्टीलचा मोठा डबा, घट्ट झाकण, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. मी तिला बजावलं, पळायच्या निदान दोन तास आधी खा, जवळ आला नंबर तर फक्त दोन खजूर, बाकीचं नंतर. गेटवर मुलींची रांग एवढी लांब की टोक दिसेना. कितीतरी मुली रात्रीच्या एसटीने आलेल्या, सॅकला टेकून उकिडव्या बसलेल्या. चहावालाही अजून आलेला नव्हता. तिला आत सोडलं आणि आम्ही रस्त्याच्या पलीकडे बसलो.

हे पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पान काही उलटत नव्हतं. मी बडबडत होते. पाय मुरडला तर. पोट बिघडलं तर. चक्का आंबट झाला असला तर. दिवाळीनंतरचं ते लग्न माझ्या डोळ्यांसमोर मंडपासकट उभं राहिलं होतं.

साडेबारा वाजून गेल्यावर ती बाहेर आली. तोंड लालबुंद, केस विस्कटलेले, गुडघ्याला माती. डबा हातात. मी रस्ता ओलांडून धावले, मागून हॉर्न वाजले, मी बघितलंही नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाई, डबा पुरला नाय," ती म्हणाली. "रांगेत लय पोरी उपाशी हुत्या. सहा जनींनी खाल्लं."

मी झाकण उघडून बघितलं. "अगं, मग तू काय खाल्लंस?"

"मी आधी खाल्लं," ती म्हणाली. "माझं पोट भरल्यावर झाकण लावलं. मग उरलं ते दिलं." आणि मग जरा थांबून, "आठशेला पूर्ण गुण हायेत, बाई."

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. मला त्याची लाज वाटत नाही. ह्यांनी पेपरची घडी केली आणि खिशात कोंबायला लागले, मावत नव्हती तरी.

त्यानंतर लेखी झाली. यादी लागली, त्यात तिचं नाव होतं. सिन्नरचीचं त्या वेळी नव्हतं, पुढच्या भरतीला ते लागलं. आता ती कट्ट्यावर नव्या पोरींना डाळं आणि डाळ ह्यातला फरक सांगते, असं ऐकते.

कळवणचीला न्यायला तिचे वडील आले. पांढरा पायजमा-सदरा, डोक्यावर टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. वर, खोलीबाहेरच्या खुर्चीच्या कडेवर बसले. पोरगी आत तिची गादी बांधत होती. त्यांना सगळं माहीत होतं, चक्कर, बाटली, कच्चं बेसन, एकादशीचा डबा, सगळं. पोरीने फोनवर सांगितलेलं. तरी त्यांनी मला विचारलं, "बाई, पोरीला तुमी नेमकं काय खाऊ घातलं?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगायला लागले. हो, तोऱ्यात, खोटं कशाला बोलू. मला माझ्या बिनगॅसच्या न्याहारीचा गर्व झाला होता आणि तो मी पुरेपूर मिरवला. दही बांधायचं कसं, दाणे किती, डाळं किती, दूध पळून आल्यावर का, सगळं.

ते ऐकत राहिले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "शेंगा आमच्या वावरातल्या," ते म्हणाले. "हरभरा घरचा. दोन म्हशी हायेत, दूध डेअरीला जातं." मग मांडीवरची टोपी उगाच फिरवली. "हे तं सगळं आमच्या घरातच व्हतं, बाई. पोरांना सकाळी दूध मिळायचं. पोरीला कुनी दिलंच नाय."

मी त्यांच्या हातातला पेढ्यांचा पुडा घेतला.

आतून पोरगी गादीची वळकटी ओढत बाहेर आली. तिने ऐकलं होतं. रागावली नव्हती, रडतही नव्हती. वळकटी दाराशी उभी केली, तिची दोरी एकदा ओढून बघितली आणि वडिलांना म्हणाली, "धाकटीला उद्यापासनं द्या, आप्पा."

"देतो," ते म्हणाले.

"तिच्या शाळेच्या आधी. चहाच्या आधी."

"देतो ना."

"मी रोज फोन करून इचारनार हाय," ती म्हणाली आणि वळकटी खांद्यावर घेऊन जिना उतरली.